कॅलेंडरजवळचं पेन

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे आणि त्याच्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं एक बॉलपेन लोंबकळत असतं. आई त्याने रोजच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहिते. 'दीड', 'एक', 'नको'. पेपर आला नाही तर फुली. सिलिंडर बदलला त्या दिवशी 'गॅस'. दूधवाल्याचे पैसे ठरतात ते या चौकोनांवरून. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस हिशोब करायला बसलो, तर चार चौकोन कोरे निघाले. आई म्हणाली, "अरे, रोज लिहिलंय मी. पेनच उठत नाही, त्याला काय करू?" पान काढून खिडकीशी नेलं, तिरप्या उजेडात धरलं, तेव्हा कोऱ्या चौकोनांत अक्षरं दिसली. शाईचा मागमूस नव्हता, पण 'दीड'मधला द आणि त्याची वेलांटी कागदात चांगली खोल रुतली होती.

न चालणाऱ्या बॉलपेनचं निदान या कोरड्या चरापासून सुरू करावं, असं मला अनुभवाने वाटतं. 'पेन चालत नाही' हे आपण एकाच सुरात म्हणतो, पण त्यामागची कारणं निदान चार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, कधी कधी बाधतो. घरोघरी मात्र सगळे उपाय एका दमात होतात. आधी वहीच्या मागच्या पानावर गिरगटायचं, मग टोकावर गरम श्वास सोडायचा, मग चपलेच्या तळाला घासायचं, शेवटी काडेपेटी. त्यातला एखादा लागू पडला तरी तो का पडला हे कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सगळं.

कारण कळायला टोकात काय चाललेलं असतं ते आधी पाहू. पितळेच्या किंवा स्टीलच्या टोकात एक गोळी बसवलेली असते. आपल्याकडच्या नेहमीच्या पेनांत ती ०.७ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे खसखशीच्या दाण्यापेक्षाही थोडी लहान. बहुतेक ती टंगस्टन कार्बाइडची असते, आणि हा पदार्थ पोलादापेक्षा पुष्कळ कठीण आहे. खोबणीची कड गोळीवर आतल्या बाजूला अशी वळवलेली असते की गोळी निसटत नाही, पण फिरू शकते. गोळी आणि कड यांच्यामध्ये फट असते ती मिलिमीटरच्या काही हजारांश भागाची.

शाई या फटीतून गळत नाही. गळत असती तर प्रत्येक शर्टाचा खिसा निळा झाला असता. ती गोळीच्या अंगाला लागून बाहेर येते. गोळीचा जो भाग आत असतो त्याला शाई माखते, गोळी फिरली की तोच भाग कागदावर येतो आणि शाई तिथे सोडतो. अगदी रहाटगाडग्यासारखं आहे हे. विहीर काठोकाठ भरलेली असली तरी रहाट थांबला की पाट कोरडा. ०.७ मिलिमीटरच्या गोळीचा घेर जेमतेम २.२ मिलिमीटर भरतो, म्हणून एक मीटर लांबीची रेघ ओढायला ती साडेचारशेहून जास्त वेळा फिरते. आईच्या 'दीड'साठीच दहा-पंधरा वेढे लागत असतील.

यातून तीन गोष्टी हाती लागतात. गोळी फिरली पाहिजे. तिच्या पाठीला शाई भिडलेली पाहिजे. आणि ती शाई फटीतून जाण्याइतकी पातळ पाहिजे. गोळीला स्वतःची ताकद नसते, तिला कागद फिरवतो, तेव्हा चौथी गोष्ट कागदाची. चार कारणं म्हणालो ती हीच.

सगळ्यांत जास्त वेळा आड येते ती शाई. बॉलपेनची शाई पाण्याची नसतेच. हंगेरीत जन्मलेला पत्रकार लास्लो बिरो याला फाउंटन पेनच्या डागांचा वैताग होता. छापखान्यातली शाई चटकन वाळते आणि पुसली जात नाही हे त्याच्या लक्षात आलं, पण ती इतकी दाट असते की निबेच्या चिरेतून उतरत नाही. त्या दाट शाईसाठीच त्याने गोळीच्या टोकावर काम केलं, त्याचा रसायनशास्त्र जाणणारा भाऊ ग्यॉर्गी याने शाईची बाजू सांभाळली आणि १९३८ मध्ये पेटंट घेतलं. गोळीच्या टोकाची कल्पना त्याआधीची आहे. अमेरिकेत जॉन लाउड याने १८८८ मध्येच चामड्यावर खुणा करायला तसं पेन केलं होतं, पण कागदावर नीट लिहील अशी शाई त्याच्याजवळ नव्हती. दाटपणा हे या पेनाचं बळ आहे आणि त्याच्या दुखण्याचं मूळही तेच आहे.

ही शाई मधासारखी चिकट असते. तिच्यात रंगद्रव्य असतं, राळेसारखे पदार्थ असतात आणि हे सगळं विरघळवून ठेवणारे द्रव असतात. द्रवांमध्ये मुख्यतः फिनॉक्सिइथेनॉल आणि बेंझिल अल्कोहोल. पाणी १०० अंशांना उकळतं, बेंझिल अल्कोहोल सुमारे २०५ अंशांना आणि फिनॉक्सिइथेनॉल २४५ अंशांच्या आसपास. म्हणून ते साध्या हवेत फार सावकाश उडून जातात. इतके सावकाश, की कागदावरच्या रेघेतही ते महिनोन् महिने थोडे थोडे शिल्लक राहतात. एखादी सही अलीकडची आहे की जुनी, हे पारखताना न्यायसहायक प्रयोगशाळा रेघेत फिनॉक्सिइथेनॉल किती उरलंय ते मोजतात, ते याच गुणाच्या आधाराने.

याचा अर्थ, टोकाशी 'वाळलेली' शाई ही वाळलेल्या चिखलासारखी खडखडीत झालेली नसते. गोळीच्या बाहेरच्या भागावर जो पातळ थर उघडा राहतो, त्यातला द्रव हळूहळू जातो आणि राळ व रंग मागे राहतात. दुधावर साय धरते तसा एक चिवट पापुद्रा तयार होतो. तो गोळीला कडेशी चिकटवून टाकतो, किंवा गोळी फिरली तरी नवी शाई तिच्या अंगाला लागू देत नाही. आत, एक मिलिमीटर खोल, शाई अगदी ताजी असते. म्हणूनच साधं गिरगटणं पुष्कळदा पुरतं. गोळी थोडी सुटली की आतली ताजी शाई पापुद्र्याला भिडते आणि त्याला पुन्हा आपल्यात विरघळवून घेते. शाईचं औषध शाईतच असतं.

पापुद्रा असल्याची खूण सोपी आहे. पहिला एक-दोन सेंटिमीटर चर कोरा येतो, मग रेघ फिकी उमटते, कधी एक गुठळी पडते आणि त्यापुढे पेन सुरळीत चालतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शाळेत शिकवणाऱ्यांच्या खिशातल्या पेनांना हे फार होतं, कारण उघड्या टोकावर खडूची भुकटी बसते आणि शाईत कालवली जाऊन पापुद्रा आणखी जाड करते. आमच्या कॅलेंडरच्या पेनावर खडू नव्हता, पण गॅसची शेगडी दोन हातांवर होती. टोपण केव्हाच हरवलेलं. फोडणीची वाफ, तेलाचा धूर आणि उन्हाळ्याची ऊब, तिन्ही उघड्या टोकावर. भिंग लावून पाहिलं तर गोळीभोवती काळपट निळं कडं जमलं होतं.

आता उपाय. गिरगटायचं असेल तर कुठे गिरगटतो याला महत्त्व आहे. एकच सुटा कागद काचेच्या टेबलावर ठेवून गिरगटलं तर गोळी नुसती घसरते. खाली पाच-सात कागद किंवा वही हवी, म्हणजे टोक किंचित रुततं आणि कागदाला गोळीवर पकड मिळते. परीक्षेच्या गुळगुळीत पॅडवर उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान आलं की पेन अडखळतं, त्याचंही कारण हेच. खाली दोन कोरे कागद सरकवले की सुरळीत होतं. गोल गोल गिरगटावं, म्हणजे गोळी सगळ्या दिशांनी फिरते आणि पापुद्रा सगळीकडून घासला जातो. सरळ रेघा मारल्या तर ती एकाच पट्ट्यावर फिरत राहते.

चपलेचा तळ हा उपाय मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि तो खरोखर चालतो. रबराला गोळीवर कागदापेक्षा कितीतरी घट्ट पकड मिळते, म्हणून अडकलेली गोळी तिथे फिरते. शिवाय रबर शाई शोषत नाही. बाहेर आलेली ताजी शाई गोळीवरच राहते आणि पापुद्रा मऊ करते. दोष एवढाच, की चपलेला वाळू असते. वाळूतली गारगोटी कार्बाइडच्या गोळीचं काही बिघडवत नाही, पण पितळेच्या कडेला ओरखडा पाडते आणि तो ओरखडा कायमचा. स्वच्छ खोडरबराची बाजू घेतली तर हेच काम बिनधोक होतं. रबराचा चुरा टोकावर राहिला तर तेवढा पुसून घ्यायचा.

यानेही गोळी सुटली नाही तर ऊब द्यावी. ऊब मिळाली की ही शाई झपाट्याने पातळ होते. महाबळेश्वरला डिसेंबरच्या सकाळी पेन जड चालतं आणि थोडा वेळ मुठीत धरलं की मोकळं होतं, हे तिथे सहलीला गेलेल्यांनी अनुभवलं असेल. पिण्याचा चहा जेवढा गरम असतो तेवढं पाणी वाटीत घ्यायचं, रिफीलचं फक्त धातूचं टोक दोन-तीन मिनिटं बुडवून ठेवायचं, पुसायचं आणि लगेच गिरगटायचं. धातू ऊब पटकन आत नेतो. मागचं उघडं तोंड पाण्यात जाऊ द्यायचं नाही. पाण्याने ही तेलकट शाई विरघळत नाही, इथे पाण्याचं काम फक्त ऊब पोचवण्याचं आहे.

काडी किंवा लायटर लावू नये, हे मात्र मी आग्रहाने सांगतो. रिफीलची नळी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते आणि ती १६० अंशांच्या पुढे वितळते. ज्योत त्याहून कितीतरी पटींनी तापलेली असते. टोकाशी असलेली शाई एकदम फुगते, आत बुडबुडे होतात आणि ती गोळीच्या कडेने भसकन बाहेर येते. त्या क्षणी पेन 'सुटलं' असं वाटतं, दोन ओळी दाट उमटतात, आणि नंतर ते कायमचं गळत राहतं किंवा बुडबुड्यांमुळे पुन्हा बंद पडतं. बोटं भाजतात ते वेगळंच.

माझा भरवसा सगळ्यांत जास्त आहे तो स्पिरिटवर. औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट, किंवा घरात राहिलेलं पातळ, पाण्यासारखं सॅनिटायझर. जेलसारखं नको, त्यातला घट्ट करणारा पदार्थ वाळून स्वतःच थर धरतो. निळ्या बॉलपेनच्या शाईत पुष्कळदा क्रिस्टल व्हायोलेट हे रंगद्रव्य असतं. तोंड आलं की पूर्वी लावायचे ते जांभळं औषध म्हणजे हाच रंग. तो अल्कोहोलमध्ये सहज विरघळतो, म्हणून शर्टावरचा बॉलपेनचा डागही स्पिरिटने निघतो. कापसाचा बोळा थेंबभर स्पिरिटने ओला करायचा, टोक त्यात मिनिटभर दाबून धरायचं, मग त्याच बोळ्यावर टोक हलकं फिरवायचं. बोळ्यावर गर्द निळा ठिपका पसरला तर समजायचं, पापुद्रा विरघळतोय. ठिपका येतच नसेल तर दुसऱ्या बोळ्याने पुन्हा एकदा करून पाहायचं.

रिफील स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून ठेवण्याची घाई करू नये. स्पिरिट फटीतून आत शिरलं तर आतली दाट शाईही पातळ होते. मग पेन फिकं लिहितं, थेंब सोडतं आणि दाट शाई पुढे येईपर्यंत वही खराब करतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवातलं ॲसिटोनही शाई विरघळवतं, पण ते काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या दांड्याला लागलं तर प्लॅस्टिक पांढरं पडून तडकतं. वापरायचंच असेल तर रिफील दांड्यातून बाहेर काढून, आणि तेही फक्त टोकापुरतं.

आमच्या पेनाच्या बोळ्यावर दुसऱ्या वेळी निळा ठिपका आला. वहीवर सहा-सात गोल ओढल्यावर रेघ गर्द उमटायला लागली. मी पेन परत खिळ्याला टांगलं. दोन दिवस नीट चाललं, तिसऱ्या दिवशी आई भिंतीवर लिहीत असताना 'एक'मधला ए गर्द आला आणि क फिका होत होत नाहीसा झाला.

ही खूण पापुद्र्याची नाही. पापुद्रा सुरुवातीला अडवतो आणि मग वाट देतो. इथे सुरुवात चांगली होती आणि पुढे शाई संपत गेली होती. अशा वेळी रिफील उजेडात धरून पाहायची. पितळेचं टोक जिथे नळीत शिरतं, तिथेच शाईच्या अलीकडे तीन मिलिमीटरची मोकळी जागा दिसत होती. हवा. विहिरीला पाणी होतं, रहाटही फिरत होता, पण पाणी गाडग्यांपर्यंत पोचत नव्हतं.

हवा कशी शिरली याचं उत्तर कॅलेंडरच्या उंचीत होतं. ते तेव्हा आईच्या डोक्याच्या वर होतं. तिथे लिहिताना हात खाली असतो आणि पेनाचं टोक वर. शाईचं वजन तिला गोळीपासून मागे खेचतं. अरुंद नळीत ती चिकटून थोडा वेळ टिकते, दोन-चार अक्षरं होतातही, पण गोळी पाठीवरची शाई बाहेर नेत राहते आणि तिच्या जागी नवी शाई येण्याऐवजी फटीतून हवा आत जाते. गादीवर उताणं पडून लिहिणाऱ्यांचं पेन याच कारणाने बंद पडतं. अंतराळात तर शाईला खाली ओढणारं वजनच नसतं. तिथेही खात्रीने चालावं असं पेन पॉल फिशर याने १९६० च्या दशकात केलं, त्यात रिफील मागून बंद असते आणि दाबाखाली भरलेला नायट्रोजन शाईला गोळीवर ढकलत राहतो. १९६८ मध्ये अपोलो ७ यानातून ते पेन गेलं. आपल्या साध्या रिफीलचं मागचं तोंड उघडं असतं आणि तसंच असावं लागतं, कारण शाई कमी होईल तशी मागून हवा आली नाही तर आत पोकळी होऊन शाई अडते. कधी कधी हे तोंड वाळलेल्या शाईने किंवा दांड्याच्या बुचाने बुजतं. पेन थोडं लिहून थांबतं, विसावा दिला की पुन्हा थोडं लिहितं, असं असेल तर रिफील बाहेर काढून नुसत्या रिफीलने लिहून पाहावं. तशी चालली तर दोष दांड्यात आहे.

टोकाजवळची हवा काढायला गिरगटणं, ऊब, स्पिरिट यांतलं काहीच उपयोगाचं नाही. मागून तोंडाने फुंकायची सवय अनेकांना आहे, पण त्यात शाई तोंडात येण्याचा धोका असतो आणि दाबही फार मिळत नाही. काचेचा थर्मामीटर झटकतो तशी रिफील टोक खाली धरून आठ-दहा वेळा झटकली तर लहान बुडबुडा निघतो. हट्टी बुडबुड्यासाठी गोफण करावी. रिफीलच्या शेपटीला शिवणाचा मजबूत दोरा चिकटपट्टीने पक्का बांधायचा, टोकावर टोपण घालून तेही चिकटपट्टीने धरायचं, आणि अर्ध्या मीटर दोऱ्यावर अंगणात किंवा गच्चीवर गरगर फिरवायचं. सेकंदाला तीन फेऱ्या होतील एवढ्या वेगाने फिरवलं तर शाईवर बाहेरच्या दिशेने जो ओढा पडतो तो तिच्या वजनाच्या सुमारे १८ पट असतो. नळीत १० सेंटिमीटर शाई असेल तर ती गोळीवर जणू १८० सेंटिमीटर उंचीचा स्तंभ उभा असावा तशी दाबते. हवा हलकी, ती मागे सरकते. अर्ध्या मिनिटात मोकळी जागा बुजलेली दिसते. फक्त हे करण्याआधी गोळी सुटलेली असली पाहिजे. टोकाशी पापुद्रा तसाच असेल तर शाई गोळीच्या पाठीला जाऊन भिडेल, बाहेर मात्र येणार नाही. म्हणून स्पिरिट आधी, गोफण नंतर.

मी तसं केलं. वहीवर पेन उत्तम चाललं. कॅलेंडरवर मात्र काही चौकोनांत चालायचं आणि काहींत नाही. आता टोकाचा दोष नव्हता, पानाचा होता. खालच्या दोन ओळींत रेघ तुटत होती, वरच्या ओळींत नाही. पेन जागा निवडून रुसत असेल तर कागदाकडे पाहावं. स्वयंपाकघरातल्या पानावर तेलाचा अदृश्य थर बसतो, आणि लिहिताना आधाराला टेकवलेला तळहात खालच्या भागाला घाम व तेल देतो. तेलकट जागी गोळीला पकड मिळत नाही, ती फिरायच्या ऐवजी घसरते. वहीत लिहितानाही पानाच्या तळाच्या ओळींत पेन अडखळतं ते यामुळेच. तिथे हाताखाली एक कोरा कागद ठेवला की काम भागतं. बँकेच्या गुळगुळीत पासबुकावर किंवा फोटोच्या पाठीवर बॉलपेन उमटत नाही, तेही घसरण्यामुळे. तेलकट कागदावर जोर देऊन पेन दामटलं तर तेल आणि कागदाचे बारीक तंतू गोळीबरोबर आत जातात आणि पुढचं दुखणं सुरू होतं.

इथे जेल पेन वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. जेलची शाई पाण्यावर बेतलेली असते. तिचं टोपण एक रात्र उघडं राहिलं तरी टोक सुकतं, आणि तिला स्पिरिटपेक्षा कोमट पाण्यात भिजवलेला बोळा लागू पडतो. तिच्या रिफीलमध्ये शाईच्या मागे पारदर्शक ग्रीसचा एक थर असतो, तो शाई मागून सुकू देत नाही. झटकताना किंवा गोफण फिरवताना टोक नेहमी बाहेरच्या बाजूला हवं. उलट फिरवलं तर हे ग्रीस विस्कटतं आणि रिफील वाया जाते. नव्या रिफीलच्या टोकावर मेणाचा किंवा रबराचा बारीक थेंब असतो, तो न काढताच 'पेन खराब निघालं' म्हणून परत करणारेही मी पाहिले आहेत.

राहिलं ते न सुधारणारं दुखणं. रेघेच्या मधोमध किंवा एका कडेला केसाएवढी पांढरी रेषा सतत येत असेल, पेन एका दिशेने ओढताना लिहितं आणि दुसऱ्या दिशेने नाही असं होत असेल, नाहीतर टोकाभोवती शाईचं कडं पुन्हा पुन्हा जमून मधेच थेंब पडत असतील, तर खोबणीची कड झिजली आहे किंवा पेन टोकावर पडून दबली आहे. भिंगातून गोळी एका बाजूला कललेली दिसते. पांढऱ्या रेषेच्या बाबतीत एक आशा असते. कडेत नुसता तंतू अडकला असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने तो निघतो आणि रेषा नाहीशी होते. दोनदा करूनही ती राहिली तर कड गेली. ती घरी दुरुस्त होत नाही. या कडेची कारागिरी किती अवघड असते ते चीनच्या उदाहरणावरून कळतं. जगातली बहुसंख्य बॉलपेनं बनवणाऱ्या त्या देशाला टोकाचं खास पोलाद बाहेरून आणावं लागायचं. तिथले तेव्हाचे पंतप्रधान ली कछ्यांग यांनी याची जाहीर खंत व्यक्त केली होती, आणि जानेवारी २०१७ मध्ये तायुआन इथल्या पोलाद कंपनीने ते पोलाद स्वतः तयार केल्याची बातमी आली. जिथे काही हजारांश मिलिमीटरचा फरक पेन बाद करतो, तिथे आपली टाचणी आणि पक्कड चालवून काही साधत नाही. टाचणीने गोळी दाबून पाहणाऱ्यांनी बरी होऊ शकणारी पेनं मारलेली मी पाहिली आहेत.

आमचं पेन त्या गटातलं नव्हतं. त्याला मी जुन्या पेनाचं टोपण बसवलं आणि दोरा शेपटीला बांधला, म्हणजे टांगल्यावर टोक खालीच राहतं. कॅलेंडरचा खिळा फ्रिजच्या पलीकडे, शेगडीपासून दूर आणि दीड फूट खाली ठोकला. आता लिहिताना आईचा हात टोकाच्या वर असतो आणि पानामागे भिंतीऐवजी आधीच्या महिन्यांच्या पानांचा गठ्ठा असतो, कारण ती फाडायची नाहीत असं आम्ही ठरवलं. जूनचे तीसही चौकोन भरले. मेचे चार मी तिरप्या उजेडात वाचून, चरावरूनच पेन फिरवून, पुन्हा गिरवले. त्यातला एक 'दीड' नव्हता, 'नको' होता, आणि दूधवाल्याला ते दाखवल्यावर त्याने दीड लिटरचे पैसे कमी केले.